तिकिटावर नाव-आडनाव उलटं पडलं? विमान कंपनीला मेल असा लिहा

यवतमाळ-वाशीम पट्ट्यात आता विमानाचं तिकीट सेतू केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर घरच्या पोराच्या मोबाइलवर निघतं. त्यातली सगळ्यात नेहमीची गडबड म्हणजे नावाच्या खान्यात आडनाव आणि आडनावाच्या खान्यात नाव. कारण उघड आहे. दहावीच्या गुणपत्रिकेपासून कितीतरी कागदांवर आपलं आडनाव आधी येतं. तिकीट काढणारा समोरचा कागद वाचत जातो आणि त्याच क्रमानं टाइप करतो. वेबसाइटवर मात्र पहिला खाना नावाचा असतो. मग केंद्रावर बाई येऊन म्हणते, "भाऊ, पोट्ट्यानं तिकीट काढलं, पन नाव उलटंच पडलं न बापा, आता कसं?"

आता विमान कंपनीला एक नीट मेल करायचा. नागपूर यवतमाळहून दीडशे किलोमीटर आहे, तेवढ्यासाठी विमानतळाच्या काउंटरवर जायची गरज सहसा पडत नाही. पण मेल कुठून पाठवायचा, त्यात काय असावं आणि उत्तर आल्यावर काय तपासायचं हे माहीत असावं लागतं.

उदाहरणासाठी एक बनावट नाव घेऊ. समजा, शांता महादेव वानखडे आणि त्यांचे यजमान महादेवराव लेकीकडे दुबईला चालले आहेत. नागपूर ते मुंबई, मुंबई ते दुबई आणि तसंच परत, सगळं एकाच तिकिटावर. महादेवरावांचं नाव बरोबर पडलं, शांताबाईंचं उलटं.

आधी खरंच उलटं आहे का ते बघा

ही पायरी लोक वगळतात आणि बरोबर असलेलं तिकीट "दुरुस्त" करायला निघतात. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत आडनाव आधी, मग तिरकी रेघ, मग नाव असाच क्रम असतो. म्हणून तिकिटावर आडनाव पहिलं दिसलं की ते चूक आहे असं समजू नका. तिरकी रेघ असेल तर तिच्या डावीकडे काय आहे ते पाहायचं. खालच्या दोन ओळींपैकी पहिली चुकीची आहे, दुसरी बरोबर.

```
SHANTAMAHADEO/WANKHADE MRS
WANKHADE/SHANTAMAHADEO MRS
```

दोन शब्दांमधली मोकळी जागा गळून नावं एकमेकांना चिकटलेली दिसतात, तीही चूक नाही. कधी कधी शेवटचं `MRS` किंवा `MR` सुद्धा नावाला चिकटतं. यंत्रणा तसंच छापते, त्यासाठी मेल करू नका.

तिरकी रेघ नसेल आणि नुसतं नाव सरळ छापलं असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर बुकिंग उघडून बघा. तिथे पीएनआर आणि आडनाव मागतात. खरं आडनाव टाकून बुकिंग उघडलं नाही आणि आडनावाच्या जागी "शांता महादेव" टाकल्यावर उघडलं, तर नाव उलटं आहे याची खात्री झाली. दुरुस्ती होईपर्यंत ते बुकिंग त्या चुकीच्या आडनावानंच उघडत राहील, हेही ध्यानात ठेवा. "बुकिंग सापडत नाही" असं आलं की लोकांना वाटतं तिकीटच बोगस निघालं.

आता पासपोर्ट काढा. फोटोच्या पानावर उपनाम आणि दिया गया नाम असे दोन वेगळे खाने असतात. तिथेही शंका राहिली तर त्याच पानाच्या तळाच्या दोन ओळींपैकी वरची बघा:

```
P<INDWANKHADE<<SHANTA<MAHADEO<<<<<<<<<<<<<<<
```

`IND` नंतर आडनाव येतं, मग दोन खुणा, आणि त्यानंतर नाव. विमानतळावरचं यंत्र हीच ओळ वाचतं. तिकीट या ओळीशी जुळलं पाहिजे. आधार, रेशनकार्ड, सातबारा यांवर नाव कोणत्या क्रमानं आहे त्याचा परदेशाच्या तिकिटाशी संबंध नाही.

याच वेळी स्पेलिंगही तपासून घ्या. आपल्याकडे वानखडे आणि वानखेडे, ठाकरे आणि ठाकरेचंच दुसरं स्पेलिंग, असले घोळ घरोघरी आहेत. उलटापालट आणि स्पेलिंग अशा दोन्ही चुका असतील तर दोन्ही एकाच मेलमध्ये मांडा. एकदा दुरुस्त करून दिलेलं नाव पुन्हा दुरुस्त करायला कंपन्या नाखूश असतात.

तिकीट कोणाच्या हातात आहे

मेल लिहायच्या आधी हे ठरवा, कारण चुकीच्या दारात गेलेला मेल दोन-तीन दिवस फुकट घालवतो.

तिकीट थेट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा ॲपवरून काढलं असेल तर मेल कंपनीलाच. एखाद्या प्रवास-पोर्टलवरून किंवा एजंटाकडून काढलं असेल तर कंपनी बहुतेक वेळा "तुमच्या एजंटशी बोला" असंच कळवते. त्याला टाळाटाळ म्हणता येत नाही. ते बुकिंग एजंटाच्या खात्यातून झालेलं असतं आणि त्यात हात घालायची सोय आधी त्याच्याकडे असते. अशा वेळी मेल पोर्टलला किंवा एजंटाला लिहा आणि त्याची प्रत विमान कंपनीला ठेवा. प्रत ठेवल्यानं चूक कंपनीला कोणत्या वेळी कळवली याचा पुरावा तयार होतो.

गावाकडे आणखी एक गुंता असतो. केंद्रचालकानं बुकिंगच्या वेळी स्वतःचाच मेल आणि मोबाइल नंबर टाकलेला असतो. कंपनी ओळख पटवायला ओटीपी पाठवते तो त्याच्या फोनवर जातो, आणि दुसऱ्याच पत्त्यावरून मेल आला तर "नोंदवलेल्या पत्त्यावरून लिहा" असं उत्तर येतं. म्हणून मेल बुकिंगमध्ये नोंदवलेल्या पत्त्यावरूनच पाठवा, आणि प्रतीत प्रवाशाचा किंवा घरातल्या शिकलेल्या पोराचा पत्ता घाला. केंद्रचालकाला बाजूला सारून स्वतःच खटपट करण्यात अर्थ नाही. त्याच्या खुर्चीशेजारी बसूनच हा मेल करून घ्या.

कंपनीचा मेल पत्ता तिकिटावर किंवा तिच्या अधिकृत वेबसाइटवरच शोधायचा. काही कंपन्या मेलऐवजी वेबसाइटवरचा फॉर्म भरायला लावतात. तसं असेल तर खालचाच मजकूर त्या फॉर्मात टाका. गूगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधून लावू नका. विमान कंपन्यांच्या नावानं खोटे नंबर पेरणाऱ्या टोळ्या आहेत. नाव दुरुस्त करतो म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतात आणि खातं रिकामं करतात. तसं काही झालंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.

२४ तासांचं घड्याळ

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांचा नियम असा आहे: तिकीट विमान कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेलं असेल आणि प्रवाशानं बुकिंगपासून २४ तासांच्या आत चूक कळवली, तर त्याच व्यक्तीच्या नावातल्या दुरुस्तीसाठी कंपनीला जादा पैसे घेता येत नाहीत. यात महत्त्व आहे ते चूक "कळवण्याला". त्यामुळे लाइट गेली, पासपोर्ट घरी राहिला, झेरॉक्सवाला बंद आहे, अशा कारणांनी मेल अडवून धरू नका. पीएनआर आणि चूक लिहून साधा मेल मोबाइलवरून लगेच पाठवा. कागद दुसऱ्या दिवशी त्याच मेलच्या उत्तरात जोडता येतात. बुकिंगची वेळ तिकिटाच्या मेलवर असते, ती बघून ठेवा.

२४ तास उलटले म्हणून दुरुस्ती होत नाही असं नाही. फक्त मग पैसे घ्यायचे की नाही हे कंपनीच्या स्वतःच्या नियमावर जातं. नुसती उलटापालट असेल तर बऱ्याच कंपन्या सवलतीनं वागतात, कारण माणूस बदलत नाही.

उड्डाण तीन-चार दिवसांवर आलं असेल तर मात्र मेलवर विसंबू नका. मेल टाकून लगेच फोन करा आणि फोनवर त्या मेलचा हवाला द्या.

आणि दुरुस्ती होईपर्यंत वेब चेक-इन करू नका. चेक-इन झालेल्या प्रवाशाचं नाव सहसा बदलता येत नाही. आधी चेक-इन मोडावं लागतं आणि काम दुप्पट होतं. घाबरून बरोबर नावाचं दुसरं तिकीटही काढू नका. पहिल्याचे पैसे अडकतात ते अडकतातच.

मेलचा मजकूर

मेल वाचणारा माणूस दिल्लीत, बंगळुरात नाहीतर परदेशात बसलेला असतो. "वानखडे" हे आडनाव आहे हे त्याला कळायला काही मार्ग नाही. त्याच्या मनात एकच शंका असते: हे खरंच नाव दुरुस्त करत आहेत, की तिकीट दुसऱ्या माणसाला देत आहेत? विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. त्यामुळे मेलनं ही शंका पहिल्या दोन ओळींतच मिटवायला हवी. "नाव बदलून द्या" असं लिहिलं की तो मेल थेट नकाराच्या रांगेत जातो. "नाव आणि आडनावाचे खाने अदलाबदल झाले आहेत, प्रवासी तोच आहे" असं लिहायचं.

विषयाची ओळ आणि नावाचा तपशील इंग्रजीत असाच टाइप करा. पीएनआर आणि नावं अर्थातच तुमची घाला:

```
Subject: Name correction - first and last name interchanged - PNR K7XM2Q

On ticket:   First name WANKHADE, Last name SHANTA MAHADEO
In passport: Given name SHANTA MAHADEO, Surname WANKHADE
Same passenger. No change of traveller.
```

पीएनआर बहुतेक सहा अक्षर-अंकांचा असतो. तो छापील कागदावरून वाचून टाइप करण्यापेक्षा तिकिटाच्या मेलमधून कॉपी करा. शून्य आणि ओ यांत घोळ झाला की तुमचं बुकिंग कोणाला सापडणार नाही.

या ओळींच्या खाली बाकीचा मजकूर येतो. तो सोप्या इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा, पण आशय हा ठेवा:

"नमस्कार. वरील पीएनआरवर दोन प्रवासी आहेत. त्यांपैकी श्रीमती शांता महादेव वानखडे यांचं नाव आणि आडनाव बुकिंग करताना एकमेकांच्या खान्यात भरलं गेलं. स्पेलिंग बरोबर आहे. कृपया पासपोर्टप्रमाणे दुरुस्ती करावी. दुसऱ्या प्रवाशाचं नाव बरोबर आहे, त्यात काही बदल नको. दोघांचं बुकिंग शक्यतो एकत्रच ठेवावं. दुरुस्ती जाण्याच्या आणि परतीच्या, चारही उड्डाणांवर व्हावी. दुरुस्त झालेलं ई-तिकीट याच पत्त्यावर पाठवावं. काही शुल्क लागत असेल तर ते आकारण्याआधी लेखी कळवावं. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत आणि सध्याचं तिकीट सोबत जोडलं आहे."

त्याखाली प्रवासाची तारीख, मार्ग, १३ अंकी ई-तिकीट क्रमांक, बुकिंगची तारीख आणि वेळ, मोबाइल नंबर आणि मेल लिहिणाऱ्याचं नाव. बस. बाई पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, वय झालंय, लेक वाट पाहते आहे, हे सगळं खरं असलं तरी मेलमध्ये नको. वाचणाऱ्याला दुरुस्ती शोधायला वेळ लागतो आणि तो पुढच्या मेलकडे जातो.

दुसऱ्या प्रवाशाबद्दलचं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. एका पीएनआरवर दोघं असतील तर कंपनी कधी कधी दुरुस्तीसाठी एकाला वेगळ्या पीएनआरवर काढते. तसं करणं चुकीचं नाही, पण ज्यांना इंग्रजी येत नाही अशा जोडप्याची जागा वेगळी पडली तर पंचाईत होते. पीएनआर वेगळे झालेच तर दोन्ही पीएनआर लिहून शेजारच्या जागा मागून घ्या.

काय जोडायचं

पासपोर्टचं फक्त फोटोचं पान. पत्ता आणि आई-वडिलांची नावं असलेलं शेवटचं पान मागितल्याशिवाय देऊ नका, आणि आधारही नको. फोटो मोबाइलनं काढला तरी चालतो, पण दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. प्लॅस्टिकच्या थरावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि नेमकं नावच झाकलं जातं. तळाच्या दोन्ही ओळी पूर्ण आल्या पाहिजेत. पासपोर्टच्या झेरॉक्सचा फोटो पाठवू नका, काळपट झेरॉक्सवरचं नाव वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटोही फिका आणि बारीक होतो, म्हणून ज्या फोनवर काढला त्यावरूनच मेलला जोडा.

देशातलाच प्रवास असेल, समजा नागपूर-पुणे, तर पासपोर्टऐवजी जे ओळखपत्र दाखवणार आहात त्याची प्रत जोडा. देशातल्या प्रवासात उलट्या नावावर पुष्कळ लोक जाऊन येतात. टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र ताडून बघतो, दोन्हीकडे तीच नावं दिसली की सोडतो. पण ती त्याची आणि कंपनीच्या काउंटरची मर्जी आहे, हक्क नाही. माझं मत विचाराल तर २४ तासांच्या आत असाल तर देशातल्या तिकिटालाही मेल करून मोकळे व्हा. परदेशाच्या तिकिटात मात्र हा धोका घेऊच नका. तिथे प्रवाशाची माहिती आधीच त्या देशाला पाठवली जाते आणि व्हिसा पासपोर्टच्या नावावर असतो. व्हिसाचा अर्ज अजून भरायचा असेल तर तो पासपोर्टप्रमाणेच भरा, तिकिटावरचं उलटं नाव त्यात उतरवू नका.

उत्तर आलं की

पाठवल्यावर आपोआप एक पोचपावती येते. त्यात तक्रार क्रमांक असतो, तो लिहून घ्या. पुढचा प्रत्येक मेल त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, नवा विषय टाकून नवा मेल करू नका. नव्या मेलला नवा क्रमांक मिळतो आणि तुमचं काम दोन टेबलांवर विभागलं जातं. दोन दिवसांत काही आलं नाही तर तक्रार क्रमांक घेऊन फोन करा.

सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे दुरुस्त तिकीट. पण एक उत्तर फसवं असतं: "आम्ही तुमच्या बुकिंगमध्ये नोंद केली आहे, प्रवास करू शकता." म्हणजे तिकिटावरचं नाव तसंच राहिलं, फक्त कंपनीच्या संगणकात शेरा पडला. सगळी उड्डाणं त्याच कंपनीची असतील तर असा शेरा बहुधा पुरतो, मात्र तो मेल छापून जवळ ठेवावा लागतो. मुंबई-दुबई उड्डाण भागीदार कंपनीचं असेल तर तो शेरा तिथल्या काउंटरला दिसेलच असं नाही. तेव्हा परत लिहा: "दुसऱ्या कंपनीच्या उड्डाणासाठीही दुरुस्ती झाली आहे का ते कळवा, शक्य असल्यास तिकीट नव्यानं द्या." कोणतं उड्डाण कोण चालवतं हे तिकिटावर उड्डाण क्रमांकाजवळ छापलेलं असतं.

"तिकीट रद्द करून नवीन काढा" असंही उत्तर येतं. लगेच मान्य करू नका. रद्द करण्याचं शुल्क आणि आजचं नवं भाडं धरलं तर भुर्दंड मोठा बसतो. शांतपणे लिहा की ही एकाच व्यक्तीच्या नावातली अदलाबदल आहे, प्रवासी बदललेला नाही, चूक अमुक तारखेला अमुक वेळी कळवली आहे, आणि प्रकरण वरिष्ठांकडे पाठवावं. पहिल्या मेलची वेळ इथे कामी येते.

दुरुस्त तिकीट आल्यावर फक्त नावावर नजर टाकून फाइल बंद करू नका. चारही उड्डाणं त्यावर आहेत का, तारखा त्याच आहेत का, बॅगेचं वजन पहिल्याइतकंच आहे का ते पाहा. पैसे भरून घेतलेली जागा किंवा जेवण नव्या तिकिटात गळून पडू शकतं. ई-तिकीट क्रमांक बदललेला असेल तर जुना प्रिंट फाडून टाका, नाहीतर विमानतळावर हमखास तोच पुढे केला जातो. मग कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि या वेळी खरं आडनाव, "वानखडे", टाकून बुकिंग उघडा. उघडलं तर काम झालं. एजंटाच्या तिकिटात ही तपासणी जास्तच गरजेची आहे, कारण एजंट स्वतःच्या छापील कागदावर नाव सुधारून देतो आणि कंपनीच्या यंत्रणेत जुनंच राहतं.

कंपनी उत्तरच देत नसेल किंवा २४ तासांच्या आत कळवूनही पैसे मागत असेल, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर, `airsewa.gov.in` इथे, तक्रार टाका. पहिला मेल, पोचपावती आणि कंपनीचं उत्तर यांचे स्क्रीनशॉट जोडा. तक्रार पोर्टलवरून त्या कंपनीकडे जाते आणि तिला तिथे उत्तर द्यावं लागतं. प्रवास-पोर्टलच्या किंवा एजंटाच्या तिकिटाचा वाद असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. या दोन्ही ठिकाणी वेळ लागतो, त्यामुळे उड्डाण जवळ असेल तर कंपनीचा पाठपुरावा चालूच ठेवा.